क्लोजर रिपोर्टमधे कोणता उशीर लिहायचा, ट्रॅकरमधला की खरा?

सीताबर्डी_नेटवर्क
एका पतसंस्थेच्या ३८ शाखांमधे कॅमेरे अन् नेटवर्किंगचं काम संपलं, क्लोजर रिपोर्ट मी लिहून राहिलो. मूळ तारीख ३१ मार्च होती, मग ३० एप्रिल झाली, मग ३१ मे, अन् काम संपलं २८ मेला. ट्रॅकरच्या शेवटच्या ओळीत "३ दिवस आधी" हिरव्या रंगात येते. सर म्हणतात तेच लिही. मला ते पटत नाही, मूळ तारखेपासून ५८ दिवस उशीर आहे. पैशाचंही तसंच, मूळ बजेट ४१.८ लाख, वाढीव ४६ लाख, खर्च ४५.१ लाख. काय लिहू? अन् खाली लेसन्स लर्न्ड पण भरायचे आहेत, तिथे सध्या "सर्व्हे नीट करावा" एवढंच लिहिलंय.

सावनेर_साइट
भाऊ, सर बरोबर बोलून राहिले. बदल लेखी मंजूर झाला म्हणजे तीच बेसलाइन, जुनी तारीख संपली. मी पंधरा वर्षं साइटवर आहे, कोणत्याच क्लायंटनं बंद झालेल्या कामात मूळ तारीख उकरून काढली नाही. तुम्ही स्वतःहून ५८ लिहाल तर पुढच्या टेंडरमधे तोच कागद कोणीतरी समोर ठेवेल. आपल्याच पायावर कुऱ्हाड काऊन मारायची?

पीएमओ_ताई
सावनेरदादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. क्लायंटला जाणाऱ्या पानावर मंजूर तारखेशीच तुलना करायची, त्यात काही लपवाछपवी नाही, सही त्यांचीच आहे. पण लेसन्स लर्न्ड क्लायंटसाठी नसतात हो, ते आपल्या पुढच्या टीमसाठी असतात, आणि तिथे "३ दिवस आधी" वाचून कोण काय शिकणार.

सीताबर्डी, तू एक सांग, दोन मुदतवाढी कशासाठी घेतल्या होत्या? चेंज रिक्वेस्टचे दोन्ही कागद काढ आणि प्रत्येकावर कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघ.

सीताबर्डी_नेटवर्क
ताई काढले. पहिली, क्लायंटनं लॉकर रूममधे जास्तीचे कॅमेरे मागितले, ३० दिवस अन् २.६ लाख. दुसरी, आमची केबल कमी पडली, ११ शाखांमधे परत जावं लागलं, ३१ दिवस अन् १.६ लाख. दोन्हीवर क्लायंटची सही आहे, दुसरीचे पैसे पण त्यांनीच दिले.

पीएमओ_ताई
मग झालंच की. पहिली वाढ त्यांच्या मागणीची, ती तुझ्या डोक्यावर घ्यायची नाही. दुसरी तुमच्या अंदाजाची चूक, ती मंजूर झाली म्हणून चूक नव्हती असं होत नाही. म्हणजे न्याय्य तारीख ३० एप्रिल, काम २८ मेला, उशीर २८ दिवस. पैशात पण तसंच, ४१.८ मधे २.६ मिळव, ४४.४ आले, खर्च ४५.१, म्हणजे ७० हजार जास्त. ५८ लिहिलंस तर स्वतःवर अन्याय, आणि ३ दिवस आधी लिहिलंस तर पुढच्यावर अन्याय. ऑफिसच्या प्रतीत तिन्ही तारखा एकाखाली एक ठेव आणि प्रत्येकीसमोर कारण लिही, रंग काढून टाक.

सावनेर_साइट
ताई, हे हिशोबात छान आहे पण साइटवर कारणं अशी वेगळी निघत नाहीत. ते लॉकरचे कॅमेरे वाढले म्हणूनच केबल जास्त लागली नसेल कशावरून? तुम्ही दोन कागद पाहून २८ दिवस टीमच्या माथी मारले.

पीएमओ_ताई
हे मला मान्य आहे, सरळ दोन भाग पडतीलच असं नाही. सीताबर्डी, परत जावं लागलेल्या शाखांत लॉकरचे कॅमेरे किती ठिकाणी होते ते बघून सांग.

सीताबर्डी_नेटवर्क
११ पैकी ३. बाकी ८ ठिकाणी कॅमेरे वाढलेच नव्हते.

कामठी_रोडवाला
मला वाटलं पेमेंटचं विचारता आहात. आमचे ५ टक्के रिटेन्शन सहा महिन्यांपासून अडकले आहेत, शेवटचा स्नॅग बंद झाल्याशिवाय सोडत नाही म्हणतात, अन् स्नॅग म्हणजे एका डोम कॅमेऱ्याची काच! क्लोजर रिपोर्टवर सही झाली की रिटेन्शन सुटते का?

पीएमओ_ताई
कामठीभाऊ, रिपोर्टवर नाही, तुमच्या वर्क ऑर्डरमधे जो कागद लिहिलाय त्यावर सुटतं, बहुतेक हँडओव्हर सर्टिफिकेट. ते वाचा आधी. काच आजच बदलून फोटो अन् सही घ्या.

सीताबर्डी_नेटवर्क
आता लेसनचं बघा. ट्रॅकरमधे सर्व्हे कसा केला (प्रत्यक्ष की फोटो मागवून) अन् किती फेऱ्या लागल्या हे दोन रकाने आहेत, मोजायला हे टाकलं

```
=COUNTIFS(F:F,"फोटो",K:K,">1")
```

फोटोवरून सर्व्हे केलेल्या ११ शाखा, त्यात ८ ठिकाणी दुसरी फेरी. प्रत्यक्ष जाऊन केलेल्या २७, त्यात फक्त ३ ठिकाणी. एक दुसरी फेरी सरासरी साडेचौदा हजाराला पडली, गाडी, मुक्काम, दोन माणसं अन् जास्तीची केबल धरून. फोटोवाल्या आठांचे झाले १ लाख १६ हजार. अन् ते ११ सर्व्हे घरबसल्या करून वाचवले किती तर ३३ हजार.

वडसा शाखेचं सांगतो, तिथे मी स्वतः होतो. फोटोत फॉल्स सीलिंग दिसत होती, एकदम सोपं काम वाटलं. वर डोकं घातलं तर मधली भिंत जुनी दगडी, दोन फूट जाड, अन् आमच्याजवळ एक फुटाचा ड्रिल बिट. केबल बाहेरून व्हरांड्याला वळसा घालून न्यावी लागली, स्विचपासून मागच्या गेटचा कॅमेरा १०० मीटरच्या पुढे गेला म्हणून मधे आणखी एक स्विच लावावा लागला. ३०५ मीटरचा एक बॉक्स नेला होता, दोन लागले. भिंतीची जाडी फोटोत येतच नाही हो.

हिंगणा_इंजिनीअर
आकडे चांगले आहेत पण एक शंका आहे, फोटो मागवलेल्या शाखा कोणत्या? दूरच्याच ना? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया. तिथल्या इमारती जुन्या, सामान तिथे मिळत नाही, छोटी वस्तू राहिली तरी दुसरी फेरी होते. मग दोष फोटोचा की अंतराचा? तुम्ही सगळं खापर फोटोवर फोडता आहात.

सीताबर्डी_नेटवर्क
हे मी पाहिलंच नव्हतं, आता वेगळं करून पाहिलं. दूरच्या १४ शाखा आहेत. त्यात ९ फोटोवाल्या, दुसरी फेरी ६ ठिकाणी. प्रत्यक्ष पाहिलेल्या ५, दुसरी फेरी २ ठिकाणी. जवळच्या २४ मधे फोटोवाल्या २, दोन्हीकडे परत गेलो. प्रत्यक्ष पाहिलेल्या २२, एकाच ठिकाणी परत गेलो.

हिंगणा_इंजिनीअर
बघा, दूरच्या शाखांत फरक किती कमी झाला. ९ मधे ६ आणि ५ मधे २, एक शाखा इकडची तिकडे झाली की चित्र बदलतं. म्हणजे प्रत्यक्ष जाऊनही दूरच्या शाखांत दुसरी फेरी होतेच. तुमच्या ११ पैकी ८ मधे अंतराचा वाटा मोठा आहे.

पीएमओ_ताई
खरं आहे, आणि जवळच्या दोन शाखांवर तर काही सिद्ध होत नाही. पण दोन्ही गटांत कल एकाच बाजूला आहे. आणि सीताबर्डी, "सर्व्हे नीट करावा" खोड. ते कोणालाच काही सांगत नाही. असं लिही की पन्नास किलोमीटरच्या पुढची शाखा फोटोवर पास करायची नाही, आणि कोटेशन जाण्याआधी लांब बिट आणि टेप घेऊन एक माणूस तिथे जाईल, जबाबदारी साइट सुपरवायझरची. वाचणारा ते पाळू शकेल किंवा नाकारू शकेल. हवं तर "अंतराचा परिणाम वेगळा काढता आला नाही" ही ओळ सोबत ठेव.

सावनेर_साइट
प्रत्येक दूरच्या शाखेला माणूस पाठवला तर कोटेशनच्या आधीच खर्च झाला, अन् काम मिळालं नाही तर तो गेला. तुमच्या नियमानं आमच्यासारखे लहान ठेकेदार मरतील. मी फोटोऐवजी व्हिडिओ कॉलवर शाखेतल्या माणसाकडून भिंतीवर ठोकून आवाज ऐकतो, दगडाचा आवाज कळते. हे पण करून पाहा.

पीएमओ_ताई
दादा, हे चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण ट्रॅकरमधे व्हिडिओ कॉलच्या शाखा नाहीत, म्हणून या रिपोर्टमधे ते "पुढे करून पाहायचं" या खान्यात जाईल, शिकलेल्यात नाही.

रेशीमबाग_अकाउंट्स
मी मधेच बोलते, पण कामाच्या तारखा एकदा तपासा. आमच्याकडे असंच झालं होतं, सगळ्या एन्ट्र्या शनिवारच्या निघाल्या कारण सोमवारी मीटिंग असायची. काम कधी झालं ते नाही, माणूस भरायला बसला ती तारीख यायची. तुमच्या शेवटच्या रकान्यात वार काढून बघा.

सीताबर्डी_नेटवर्क
ताई, ३८ पैकी २१ हँडओव्हर दोनच शनिवारी. मग फाइलमधले सही केलेले हँडओव्हर फॉर्म दहा शाखांचे काढले, सातांच्या तारखा ४ ते ११ दिवस आधीच्या निघाल्या. म्हणजे मी रिपोर्टमधे "सरासरी ९ दिवसात एक शाखा" असं मोठ्या अक्षरात टाकलं होतं ते गेलंच. दुसऱ्या फेऱ्या मात्र गाडीच्या व्हाउचरशी जुळल्या, सगळ्या ११.

पीएमओ_ताई
सरासरी काढून टाक. ३८ फॉर्म उरकायला दोन दिवस लागतील, तेवढा वेळ मिळत असेल तर खऱ्या तारखा भर आणि मग काढ, मिळत नसेल तर तो आकडाच देऊ नको. शेवटची तारीख २८ मे मात्र त्या शेवटच्या शाखेच्या फॉर्मवर बघूनच घे, कारण तुझं सगळं भांडण तिच्यावर उभं आहे.

सीताबर्डी_नेटवर्क
पाहिली, फॉर्मवर पण २८ मेच आहे. सरांना संध्याकाळी दाखवलं. क्लायंटच्या प्रतीत "मंजूर तारखेच्या आत" राहील, आतल्या प्रतीत तिन्ही तारखा अन् २८ दिवसांचं कारण. सर म्हणाले ७० हजारांची ओळ नको, मी म्हटलं राहू द्या, अजून ठरलं नाही. उद्या अहेरीला ज्यानं केबल ओढली त्या मुलाला फोन करून राहिलो, तिथेही भिंत दगडी होती का ते विचारायचं आहे, ट्रॅकरमधे त्यानं फक्त "केबल कमी" लिहून ठेवलंय.