‘दोन्ही एकत्र कर’ एवढाच निरोप. पण फायलींचं आपसात पटत नाही

अर्धवेळ_लेखनिक
एकाच कराराच्या मसुद्याच्या दोन फायली आल्या आहेत, सोबत निरोप तेवढाच: ‘दोन्ही एकत्र कर.’ कलम ४ मध्ये बिल चुकतं करायची मुदत एकीने ४५ दिवस केलीय, दुसरीने २१. दंडाचं कलम पहिलीत नाहीच, दुसरीत नव्याने लिहिल्यासारखं दिसतंय. मी ठरवू की विचारू?

सरळसोट
ठरव. एकत्र कर म्हणजे एक तयार फाइल दे. शेवटी सेव्ह झालेली ती ताजी, तिचंच धर. प्रत्येक ओळीला विचारत बसलास तर ते म्हणतील, मग मीच केलं असतं की!

मसुदेकरीण
तारीख फाइलची असते, कलमाची नसते. दुसरी फाइल आज सकाळी सेव्ह झाली असेल, पण त्या माणसाने कलम ४ ला हातही लावला नसेल, फक्त शेवटच्या पानावरचा पत्ता बदलला असेल. मग ‘ताजी’ म्हणून तू जे उचलशील ते प्रत्यक्षात जुनंच असेल, आणि पहिल्याची दुरुस्ती गुपचूप पुसली जाईल. मूळ मसुद्यात मुदत किती होती?

पान_जोड्या
एवढं काय त्यात? दोन पीडीएफ एकामागे एक लावायच्या, पानांचे क्रमांक नीट द्यायचे, झालं.

अर्धवेळ_लेखनिक
@पान_जोड्या, एकाच मसुद्याच्या दोन आवृत्त्या आहेत हो, जोडपत्रं नाहीत.
@मसुदेकरीण, मूळ फाइल माझ्याकडे नाही.

बटणबहाद्दर
Word मध्ये `Review > Compare` आहे ना. दोन्ही फायली द्या, काय जोडलं, काय खोडलं ते रंगात दिसतं. दंडाचं कलम कुणी काढलं तेही कळेल.

मसुदेकरीण
फरक कुठे आहे ते दिसेल, बरोबर. पण कुणी काढलं ते कळणार नाही. तिथे `Original document` आणि `Revised document` असे दोन रकाने असतात. फायलींची अदलाबदल करून बघा: मघाशी ‘खोडलेलं’ दिसणारं कलम आता ‘जोडलेलं’ दिसेल. Word ला इतिहास माहीत नसतो, आपण ज्या फाइलला मूळ म्हणू तिला तो मूळ धरतो. दोन फायलींवरून एवढंच कळतं की कलम एकीत आहे आणि दुसरीत नाही.

म्हणून आधी जुन्या ईमेलात मूळ मसुदा शोध. सापडला तर दोनदा तुलना कर, मूळ विरुद्ध पहिली आणि मूळ विरुद्ध दुसरी. मूळ मुदत ४५ असेल तर भांडणच नाही: पहिल्याने काही केलंच नाही, दुसऱ्याचे २१ बिनदिक्कत घे. मूळ ३० असेल तर दोघांनीही बदललंय, आणि तिथे निवडायचा अधिकार तुला कुणी दिलेला नाही. (सरासरी काढून ३३ दिवस लिहिणारेही मी पाहिलेत.) तसंच दंडाचं. मुळात ते कलम असेल तर एकाने उडवलं आणि दुसऱ्याने सुधारलं, म्हणजे हाही तंटाच. नसेल तर नुसती भर आहे, राहू दे.

सरळसोट
आणि मूळ नाहीच सापडलं तर?

मसुदेकरीण
तर कलम ठेवायचं आणि समासात टीप: ‘पहिल्या प्रतीत नाही.’ ठेवलेलं नंतर खोडता येतं. गाळलेलं मात्र वाचणाऱ्याला दिसतच नाही, मग तो आक्षेप कशाला घेणार?

चाळीस_शंका
मी असंच केलं होतं. एका अहवालावर ४० टिपा टाकून पाठवला. साहेबांनी उघडलाही नाही, जुनीच प्रत पुढे गेली. चूक माझीच. त्यातल्या तीसेक टिपा स्वल्पविराम आणि ‘करण्यात येईल’ की ‘करू’ असल्या होत्या.

मसुदेकरीण
तुमचं म्हणणं खरं आहे. शब्दांची रंगसफेदी आपणच निवडावी. पैसे, मुदत, जबाबदारी, नाव यांतलं काही बदलत असेल तरच विचारावं, आणि ते पाठवणीच्या मजकुरात वरच लिहावं: ‘कलम ४: ४५ की २१? तूर्त दोन्ही ठेवलेत.’

आणि एक. जिथे टक्कर दिसत नाही तिथलंही वाच. समजा पहिल्याने कलम ४ मध्ये मुदत ४५ केली, आणि दुसऱ्याने कलम ११ मध्ये नवं वाक्य घातलं, ‘३० दिवसांत बिल न चुकवल्यास काम थांबवता येईल.’ जागा वेगळ्या, त्यामुळे दोन्ही बदल बिनतक्रार आत येतात, आणि करार स्वतःलाच खोटं पाडतो. हे कुठलंही बटण सांगत नाही.

सरळसोट
‘तूर्त दोन्ही’ मला नाही पटत. तशीच सहीला गेली तर? एक आकडा घाल, दुसरा टिपेत टाक.

मसुदेकरीण
आणि टीप न वाचताच सही झाली तर? चौकटी कंसात दोन आकडे असतील तर निदान सही करणारा अडखळेल.

अर्धवेळ_लेखनिक
मूळ मसुदा मिळाला, मार्चच्या ईमेलात होता. मुदत ३० दिवस. दंडाचं कलम मुळात होतं. म्हणजे दोन्हीकडे तंटा. फोन लावतो.