जाहिरात शिळी झाली की लिलावच महागला? खर्च चढण्याआधी कसं ओळखायचं – सल्ला हवा

रेघोटी
नमस्कार मंडळी. ऑनलाइन चित्रकला वर्गाच्या नोंदणीसाठी मी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती चालवते. एक व्हिडिओ सुरुवातीला फार छान चालला, आता तोच महाग पडतोय. बजेट, प्रेक्षक, नोंदणीचं पान यातलं काहीच बदललेलं नाही. पैशांऐवजी पहिल्या आठवड्याचा दर 100 धरून आकडे देते.

पहिल्या आठवड्यात सीपीएम, म्हणजे हजार वेळा दाखवण्याचा दर, 100, लिंकचा सीटीआर, म्हणजे पाहिल्यावर लिंकवर क्लिक होण्याचं प्रमाण, 2 टक्के, पानावर आलेल्यांपैकी नोंदणी 5 टक्के आणि एका नोंदणीचा खर्च 100 होता. चौथ्या आठवड्यात सीपीएम 110, सीटीआर 1.3, पानावरची नोंदणी अजूनही 5 टक्केच, पण खर्च 169 वर गेला. इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दिसली ते, 60 हजारांवरून साडेचोपन्न हजारांवर आले आणि सात दिवसांची फ्रिक्वेन्सी, म्हणजे एका माणसाला ती सरासरी किती वेळा दिसली ते, 1.6 वरून 2.9 झाली.

हा व्हिडिओ थकलाय की स्पर्धा वाढलीय? आणि पुढच्या वेळी हे आधी कळावं म्हणून कशावर लक्ष ठेवू?

झटपट
सरळ आहे. फ्रिक्वेन्सी 3 च्या जवळ गेली की क्रिएटिव्ह, म्हणजे जाहिरातीतला व्हिडिओ किंवा चित्र, बदलायचा. मी हा एकच नियम पाळतो आणि मला तो पुरतो.

शब्दवेल्हाळ
माझा अनुभव उलटा आहे. माझ्या जाहिरातींची तीच वाक्यं खूप काळ चालू आहेत, सीटीआर हललासुद्धा नाही. चांगली जाहिरात थकते यावर माझा विश्वास नाही. मथळे वाढवून बघा.

आकडेमोड
@शब्दवेल्हाळ, तुम्ही सर्चच्या जाहिरातींबद्दल बोलताय ना? तिथे माणूस स्वतः काहीतरी शोधत आलेला असतो आणि रोज नवी माणसं शोधतात, त्यामुळे तेच वाक्य दीर्घकाळ टिकतं. रेघोटीताईंची जाहिरात न मागता समोर येते, आणि त्याच त्या लोकांसमोर पुन्हा पुन्हा येते. थकवा तिथेच येतो.

ताई, तुम्ही आकडे नीट दिलेत, त्यामुळे उत्तर त्यातूनच निघतं. नोंदणीचा खर्च तीनच गोष्टींनी ठरतो: दाखवण्याचा दर, क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण आणि क्लिकनंतर नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण. सीपीएमला 1000 गुणिले सीटीआर गुणिले नोंदणीदर यांनी भागा. पहिल्या आठवड्यात 100 भागिले (1000 × 0.02 × 0.05), म्हणजे 100. आता एकेक गोष्ट वेगळी बदलून बघा. फक्त सीपीएम 110 झाला असता तर खर्च 110 वर थांबला असता. फक्त सीटीआर 1.3 झाला असता तर तो 154 झाला असता. दोन्ही मिळून 169. म्हणजे वाढीचा मोठा वाटा सीटीआरचा आहे आणि पान निर्दोष आहे.

सीपीएमची 10 टक्के वाढही सगळी स्पर्धेमुळे असेल असं समजू नका. जाहिरातीच्या जागेसाठी लिलाव होतो, त्यात फक्त बोली बघत नाहीत, हा माणूस या जाहिरातीवर काही करेल याची अंदाजे शक्यताही धरतात. प्रतिसाद घटला की ती शक्यता घटते आणि तेवढीच जागा मिळवायला जास्त मोजावं लागतं. त्याच प्रेक्षकांवर तुमची दुसरी एखादी जाहिरात चालू असेल तर तिचा सीपीएम किती वाढला ते सांगा. तिचाही तेवढाच वाढला असेल तर तो बाजाराचा परिणाम.

रेघोटी
एक स्थिर चित्राची जाहिरात आहे, तिचा 100 वरून 104 झाला. मधल्या आठवड्यांत व्हिडिओचा सीटीआर 1.9 आणि 1.6 होता.

आकडेमोड
मग बाजाराचा वाटा साधारण 4, बाकी व्हिडिओचाच. रीच काढून पाहिलात तर आणखी स्पष्ट होईल. पहिल्या आठवड्यात 60 हजार भागिले 1.6, म्हणजे साडेसदतीस हजार माणसं. आता जेमतेम एकोणीस हजार. तेवढ्याच पैशात निम्म्या लोकांपर्यंत पोचताय, आणि त्यातही पाहून झालेलेच जास्त असणार.

@झटपट, फ्रिक्वेन्सी बघणं बरोबर आहे, पण 3 हा आकडा सगळीकडे लागू होत नाही. एक तर ती निवडलेल्या तारखांवर अवलंबून असते. हीच जाहिरात महिन्याच्या खिडकीतून पाहिली तर आकडा मोठा दिसेल. शिवाय ती सरासरी आहे: बऱ्याच जणांनी एकदा आणि थोड्यांनी दहादा पाहिली तरी सरासरी सौम्यच दिसते. पान पाहून गेलेल्यांना पुन्हा दाखवायच्या जाहिराती 5 वरही नीट चालताना मी पाहिल्यात. नव्या लोकांसाठीच्या जाहिराती 2 च्या आतही कोसळल्यात. फ्रिक्वेन्सी वाढली आणि सीटीआर टिकला तर हात लावायचं कारण नाही.

झटपट
हे पटतंय. पण मग नेमका कधी बदल करायचा? नोंदणीचा खर्च वाढेपर्यंत थांबायचं का?

आकडेमोड
नाही, खर्च उशिरा बोलतो. ताईंच्या पहिल्या आठवड्यात 60 हजार इम्प्रेशनवर 1200 क्लिक आणि 60 नोंदण्या आल्या. 60 नोंदण्यांमध्ये निव्वळ योगायोगाने 25 टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, 1200 क्लिकमध्ये मात्र जेमतेम 6 टक्के. म्हणून सीटीआरमधली घट लवकर आणि खात्रीने दिसते. दुसऱ्या आठवड्यातला 1.9 हा योगायोगही असू शकतो, त्यावरून काही करू नये. तिसऱ्या आठवड्यातला 1.6 योगायोग नाही. सीटीआर स्वतःच्या चांगल्या आठवड्यापेक्षा 20 टक्के उतरला की बाकी सगळं तसंच असताना खर्च 25 टक्के वाढतो. मी तिथे रेघ मारतो. क्लिक शंभरच असतील तर मात्र 20 टक्क्यांची घट योगायोगानेही दिसते, मग जास्त दिवसांची बेरीज करूनच पाहावं लागतं.

दोन गोष्टी जपा. सीटीआर लिंकचाच घ्या. सगळ्या क्लिकचा घेतलात तर लाइक आणि ‘आणखी वाचा’ही त्यात मिसळतात. आणि मेटाच्या `Creative fatigue` या इशाऱ्याची वाट पाहू नका. एका निकालाचा खर्च तुमच्या आधीच्या जाहिरातींच्या दुप्पट झाल्यावर तो इशारा येतो. `Creative limited` त्याआधी दिसतो, पण तोही खर्च वाढल्यावरच.

खिडकी
आमच्याकडेही नोंदण्या अचानक निम्म्या झाल्या होत्या. सगळे म्हणाले क्रिएटिव्ह थकला, नवे व्हिडिओ करायला घेतले. शेवटी कळलं की फॉर्ममधला ओटीपी काही फोनवर पोचतच नव्हता. ताई, आधी फॉर्म तपासा!

आकडेमोड
@खिडकी, तुमच्या वेळी सीटीआर तसाच राहिला असणार आणि नोंदणीदर एका दिवसात पडला असणार. थकवा असा एका दिवसात येत नाही, तो उतारावरून येतो. ताईंचा नोंदणीदर 5 टक्क्यांवरच आहे, तेव्हा फॉर्मचा संशय इथे लागू होत नाही.

कातरकाम
मी व्हिडिओ संपादन करते, म्हणून माझा प्रश्न वेगळा. ताई, पहिले 3 सेकंद पाहणाऱ्यांचं इम्प्रेशनशी प्रमाण पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात किती होतं? आणि नवीन आवृत्ती म्हणून काय करायचा विचार आहे?

रेघोटी
31 टक्क्यांवरून 22 टक्के. त्याच व्हिडिओचं संगीत आणि बटणाचा रंग बदलून दोन आवृत्त्या तयार आहेत.

कातरकाम
त्या दोन्ही बाजूला ठेवा. बघा, 31 पैकी 2 जण क्लिक करत होते, म्हणजे थांबलेल्यांपैकी साडेसहा टक्के. आता 22 पैकी 1.3, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. थांबणारा माणूस अजून जवळपास तेवढ्याच उत्साहाने क्लिक करतोय. गळती पहिल्या तीन सेकंदांत आहे. पहिली चौकट दिसताच ‘हे पाहिलंय’ म्हणून बोट पुढे सरकतं, मग आतलं संगीत आणि शेवटचं बटण त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून मधला भाग तसाच ठेवून सुरुवाती नव्या करा, आणि त्या एकमेकींपासून खरोखर वेगळ्या हव्यात. सध्या सुरुवातीला काय आहे? शिक्षिका बोलत असेल तर एका आवृत्तीत थेट पूर्ण झालेल्या चित्रावरून सुरू करा. दुसरीत विद्यार्थ्याने काढलेला, बिघडलेला चेहरा आणि तो दुरुस्त करणारी पेन्सिल. तिसरीत माणूसच नको, कोऱ्या कागदावर एक प्रश्न. मी आवाज बंद करून लहान आकारात तिन्ही शेजारी लावून पाहते. दुरून सारख्या वाटल्या तर एक बाद.

आकडेमोड
ही वाचनाची पद्धत फार उपयोगी आहे. एक मर्यादा सांगतो. ज्यांनी मधला भागही पूर्ण पाहिलाय आणि तरी आले नाहीत, त्यांना नवी सुरुवात फार काळ धरून ठेवणार नाही. यातून थोडे आठवडे मिळतील, तेवढ्यात मुद्दाच वेगळा असलेला व्हिडिओ लागेल: ‘शिकायला सोपं’ऐवजी ‘दिवसातून वीस मिनिटं पुरतात’ असं काही.

रेघोटी
सुरुवातीला शिक्षिकाच बोलते. तीन सुरुवाती करायला मला दहा दिवस लागतात. त्या जुन्या जाहिरातीतच बदलू की नव्या टाकू? आणि जुनी लगेच बंद करू का?

आकडेमोड
चालू जाहिरातीत बदल करू नका. क्रिएटिव्ह बदलला की जुने-नवे आकडे एकत्र मिसळतात. नवी जाहिरात म्हणून, त्याच अॅडसेटमध्ये, म्हणजे त्याच प्रेक्षकांवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटात टाका. अॅडसेटला लर्निंगमधून, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटा शिकत असतं त्या टप्प्यातून, बाहेर पडायला आठवड्याला साधारण 50 निकाल लागतात. तुमच्याकडे आता पस्तीसच्या आसपास येत असतील. वेगवेगळे अॅडसेट केलेत तर कुणालाच पुरेसे मिळणार नाहीत. तिन्ही एकदम टाकू नका, दोन आता आणि एक हातात राखून ठेवा. जुनी लगेच बंद करू नका. नव्या आवृत्तीला काहीशे क्लिक मिळून तिचा सीटीआर वर ठरला की मग करा.

कातरकाम
इथे माझं मत वेगळं आहे. त्याच अॅडसेटमध्ये टाकलं की जुनी जाहिरातच बहुतेक पैसे खाते आणि नवी थोड्याशा इम्प्रेशनवर ‘नापास’ ठरते. थोडं बजेट बाजूला काढून वेगळ्या अॅडसेटमध्ये आधी जोखते, मग मुख्य ठिकाणी आणते.

आकडेमोड
ते होतं, मान्य. बजेट मोठं असेल तर तुमचाच मार्ग बरा. पस्तीस नोंदण्यांवर वेगळी चाचणी केली तर निर्णय नोंदणीवर घेता येणार नाही, फक्त तीन सेकंद आणि सीटीआरवर घ्यावा लागेल. क्लिक खूप आणि नोंदणी शून्य अशी सुरुवात निवडली जाण्याचा धोका राहतो.

दहा दिवस लागत असतील तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घट पाहून काम सुरू करणं उशिराचं आहे, पाचवा आठवडा उजाडेल. नवा व्हिडिओ लावता त्याच दिवशी पुढच्या सुरुवातींचं काम सुरू करा. जुन्या जाहिरातींचे आठवडेवार आकडे काढून त्या कितव्या आठवड्यात 20 टक्के उतरल्या तेही पाहा, एका व्हिडिओवरून तिसरा आठवडा हाच नियम धरू नका. आणि बजेट दुप्पट केलंत तर तोच थकवा लवकर येईल.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. चित्राची आणि पेन्सिलची सुरुवात त्याच अॅडसेटमध्ये टाकते, कोऱ्या कागदाची राखून ठेवते. एक राहिलंच: हा पहिला व्हिडिओ काही महिने थांबवून पुन्हा लावला तर चालेल का?

झटपट
माझा एक जुना व्हिडिओ विश्रांतीनंतर पहिल्यासारखा चालला होता.

कातरकाम
माझे परत आले ते पहिल्यापेक्षा लवकर उतरले. प्रेक्षकांत नवी माणसं किती आलीत त्यावर असावं. लावाल तेव्हा `First time impression ratio` बघा, म्हणजे रोजच्या इम्प्रेशनपैकी किती पहिल्यांदाच पाहणाऱ्यांचे आहेत ते कळेल. आकडे इथे टाका, मलाही हवेत.