विनोदी गोष्ट असलेले गेम सुचवा, साधा लॅपटॉप आहे

जुळे_सोलापूरकर: गंभीर कथेचे गेम माझ्याच्यानं पूर्ण होत नाहीत. भावाच्या पीएस४वर 'रेड डेड रिडेम्प्शन 2' अर्ध्यात सुटला, 'द लास्ट ऑफ अस'चंही तेच झालं. रात्री दुकान बंद करून आल्यावर कुणाचं दुःख बघायला नको वाटतं. 'द स्टॅनली पॅरेबल' मात्र फार आवडला. निवेदक डावीकडच्या दारातून जा म्हणतो, आपण उजवीकडे गेलो की तो वैतागतो! असा, लिखाणातच विनोद असलेला गेम हवाय. ग्राफिक्स कार्ड नाही. इंग्रजी वाचतो, पण भराभर बोललेलं कळत नाही.

होटगी_एक्सप्रेस: 'डिस्को एलिझियम' घे डोळे झाकून. त्यात गळ्यातला टाय बोलतो राव! छोटाच आहे, दोन रात्रीत संपेल.

विजापूर_वेस: टाय बोलतो हे खरं, विनोदही अव्वल. पण छोटा अजिबात नाही, वाचायला ढीगभर मजकूर आहे. आणि आत दारू, पश्चात्ताप, तुटलेलं नातं. दादांना नेमकं तेच नकोय.

त्यापेक्षा 'वेस्ट ऑफ लोदिंग' (2017) बघा. काऊबॉयची गोष्ट, काळ्यापांढऱ्या रेघांची माणसं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही चालतो. सगळे संवाद लेखी, आपल्या वेगानं वाचायचे. दारूच्या गुत्त्यात पिकदाणी दिसते. हात घालायचा म्हटलं की निवेदक किळस येऊन परोपरीनं विनवतो, नको हो. तरी हट्ट धरला तर आतून कामाची वस्तू निघते. पुढच्या पिकदाणीला पुन्हा तीच हुज्जत. म्हणजे विनोद तुमच्या उचापतीतून घडतो, नुसतं बसून बघायचा नसतो. मारामारी आळीपाळीची आहे, घाई नाही.

अक्कलकोट_रोड: माझ्या पोरानं सुट्टीत तो हंसाचा गेम खेळला, गावातल्या लोकांना छळणारा. घरभर हसत होतो आम्ही. तुमचा मुलगा केवढा आहे?

विजापूर_वेस: काका, हंसाचा गेम झकास आहे, पण त्यात संवादच नाहीत. त्यांना स्वतःसाठी, लिखाणातला विनोद हवाय.

चादरवाला: 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' कसा कुणी काढला नाही? मूळ 1990चा, 2009ची नवी आवृत्ती मिळते. तलवारबाजीत टोमणा जिंकतो. समोरचा म्हणतो, 'गवळ्यासारखा लढतोस', तुम्ही म्हणायचं, 'बरोबर, तू गाईसारखा लढतोस'. रस्त्यातल्या चाच्यांशी हरत हरत टोमणे आणि उत्तरं गोळा करायची. शेवटी तलवारबाजीची उस्ताद बाई वेगळेच टोमणे मारते, पण तुमची जुनीच उत्तरं तिथे चपखल बसतात. कोडी अडली तर नव्या आवृत्तीत सूचना मिळतात.

विजापूर_वेस: कोडी आडवळणाची आहेत, तिथेच पुष्कळ जण सोडतात. मी 2022च्या 'रिटर्न टू मंकी आयलंड'पासून सुरुवात करायला सांगेन. त्यात सोपा प्रकार आहे, सूचनांचं पुस्तकही सोबत असतं.

चादरवाला: पण जुनी ओळख नसेल तर त्यातले निम्मे विनोद डोक्यावरून जातील.

जुळे_सोलापूरकर: आज पिकदाणीवाला घेतो. मंकी आयलंडचं तुमचं ठरलं की सांगा.