मदत हवी आहे: वाकवलेली दांडी टू-फोर्स मेंबर कशी काय?

कोनमापक
फ्रेमचं एक गणित आहे. ABC ही आडवी दांडी A ला भिंतीशी पिनने जोडली आहे. AB 2 मीटर, BC 1 मीटर, आणि C ला 600 N खाली. तिला आधार देणारी BED दांडी काटकोनात वाकवलेली आहे: B पासून सरळ खाली 1.5 मीटर E पर्यंत, तिथून भिंतीकडे आडवी 2 मीटर D पर्यंत. B आणि D ला पिना, D बरोबर A च्या खाली. दांड्यांचं वजन धरायचं नाही.

दोन्ही दांड्या सुट्या काढल्या, सहा अज्ञात आणि सहा समीकरणं मांडली. B ला 1200 N आडवं आणि 900 N उभं आलं. उत्तरात मात्र "BED टू-फोर्स मेंबर" एवढं लिहून एका समीकरणात 1500 N काढलंय. दोन्ही जुळतं. पण BD या रेषेवर तर दांडीच नाही, मग बल त्या रेषेत कसं? आणि हे आधीच कसं ओळखायचं?

उभा_आडवा
दोन टोकांना पिना आणि मधे लोड नाही, की झाली टू-फोर्स. बल दांडीच्या दिशेने धरायचं. इथे B जवळ दांडी उभी आहे, म्हणून बल उभंच. A भोवती मोमेंट घ्या: 600 × 3 = By × 2, By = 900 N. आडवं काही नाही, Ax शून्य. 1200 कुठून आलं ते तपासा.

लंबक
@उभा_आडवा, ओळखायची खूण बरोबर सांगितलीत, दिशा चुकली. तुमचं उत्तर BED वर लावून बघा. B ला 900 N खाली, D ला 900 N वर. बेरीज शून्य, पण दोन्ही रेषांमध्ये 2 मीटर अंतर आहे, म्हणजे 1800 N·m ची जोडी उरते. ती थोपवायला कोणी नाही, दांडी फिरेल.

कोनमापक, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर यातच आहे. बाहेरून दोनच बलं असतील तर ती समान, विरुद्ध आणि एकाच रेषेत असावी लागतात, नाहीतर मोमेंट उरतो. ती रेषा दोन पिनांमधून जाते. मधे दांडी कशी वळलीय याचा या विचाराशी संबंधच नाही. इथे उतार 1.5 ला 2, म्हणजे 3-4-5 चा त्रिकोण:

F × 0.6 × 2 = 600 × 3, म्हणून F = 1500 N, दाब.
Ax = 1200 N डावीकडे, Ay = 300 N खाली.

मात्र दांडी वाकलेली आहे म्हणून आत फक्त दाब असेल असं समजू नका. E चं BD रेषेपासून अंतर 1.2 मीटर, म्हणजे कोपऱ्यात 1500 × 1.2 = 1800 N·m बेंडिंग मोमेंट आहे. दांडी तुटलीच तर बहुधा तिथे तुटेल. टू-फोर्स हे नाव बाहेरच्या बलांपुरतं.

ओळखताना मी प्रत्येक दांडीवर किती ठिकाणी बल लागतं ते मोजतो. ABC वर A, B, C अशी तीन आहेत, ती बाद. टोक भिंतीत पक्कं बसवलेलं असेल तर तीही बाद, कारण तिथे जोडी येऊ शकते.

जाळीकाम
एवढं कशाला? B चा जॉइंट घ्या, तिन्ही मेंबरची बलं दांडीच्या दिशेने, दोन समीकरणं, संपलं. ट्रसला आम्ही असंच करतो.

लंबक
हा ट्रस नाही. ABC B पाशी तुटत नाही, ती अखंड आहे आणि C च्या लोडने वाकते. BC ला "दांडीच्या दिशेने" धरलंत तर C चं 600 N उभं पेलणारं कोणीच उरत नाही.

चौथी_पिन
माझ्याकडे हीच फ्रेम आहे, फक्त E ला 200 N टांगलंय. मी BD रेषेतच बल धरलं आणि D ला 1500 N आलं. पण पूर्ण फ्रेमचं A भोवती तपासताना जुळत नाही.

लंबक
आता BED वर तीन बलं झाली. पूर्ण फ्रेमचं A भोवती: Dx × 1.5 = 600 × 3 + 200 × 2, म्हणून Dx = 1467 N. गंमत अशी की E चं लोड B च्या बरोबर खाली आहे, त्याची रेषा B मधूनच जाते. त्यामुळे D चं बल अजूनही BD रेषेतच, Dy = 1100 N. पण B ला 1467 आडवं आणि 900 उभं, ते त्या रेषेत नाही. लोड E च्या जरा डावीकडे सरकवलंत तर D चंही राहणार नाही.

कोनमापक
1800 ची जोडी बघितल्यावर उलगडलं. एक राहिलं: दुसऱ्या एका गणितात दांडीच्या वजनाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, धातूची जाडी मात्र दिलीय. तिथे टू-फोर्स धरू का?

उभा_आडवा
दिलं नाही तर धरायचं नाही, असंच आम्ही करत आलोय.

लंबक
जाडी दिली आहे म्हणजे पुढच्या भागात ताण विचारला असेल, किंवा वजनच अपेक्षित असेल. पूर्ण प्रश्न टाका, त्याशिवाय सांगता येणार नाही.