‘दाखल’, ‘विलंब शुल्क’ आणि ‘तफावत’: एकाच स्क्रीनवरचे तीन शब्द

काजूवाला, वेंगुर्ले
आमचं काजूगरांचं छोटं दुकान आहे आणि जीएसटी तिमाही भरतो. काल, 19 एप्रिलला, जानेवारी-मार्चचं GSTR-3B, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, भरायला बसलो. मागच्या तिमाहीसमोर ‘Filed’ दिसतंय. तरी या विवरणपत्रात 450 रुपये Late Fee आधीच येऊन बसलीय. मुदत 22 तारखेची, मग उशीर झाला कधी? शिवाय नोटिसांच्या पानावर ASMT-10 नावाची नोटीस आहे, 2022-23 या वर्षाची, 19,125 रुपयांच्या ‘Mismatch’बद्दल. बाबा विचारतात, “सगळा भरलंव तर नोटीस कित्याक?” त्यांना ‘Filed’ म्हणजे ‘मंजूर’ वाटतं. या तीन शब्दांना मराठीत काय म्हणू म्हणजे त्यांना नीट समजेल?

शिक्षिका, रत्नागिरी
‘Filed’ला आपल्याकडे तयार शब्द आहे: दाखल. आपण ‘दावा दाखल केला’ म्हणतो, त्याने दावा जिंकला असं कुणी धरत नाही. ‘रुग्णालयात दाखल’ म्हणजे बरा झाला असंही नाही. कागद आत गेला, इतकंच. ‘मंजूर’ आणि ‘दाखल’ यांतला हा फरक बाबांना कोर्टाच्या उदाहरणाने लगेच पटेल. ‘भरलं’ हा शब्द मात्र घोटाळ्याचा आहे, कारण आपण फॉर्मही भरतो आणि पैसेही भरतो.

देवगडकर
ताई, शब्द ठीक, पण नोटीस आली म्हणजे काहीतरी भरायचं राहिलंय. आमच्या आंब्याच्या पेढीला आली होती, तेव्हा एक तिमाही खरंच राहिली होती. आणि 450 रुपये हा दंड आहे, सरळ दंड म्हणा.

करसल्लागार, कुडाळ
देवगडकर, तुम्हाला आली ती GSTR-3A असणार. विवरणपत्र भरलंच नाही तर ती येते आणि 15 दिवसांत भरा म्हणते. ASMT-10 वेगळी. ती भरलेल्या विवरणपत्राची छाननी करून काढतात, म्हणजे आधी ‘दाखल’ असल्याशिवाय ती येणारच नाही. तेव्हा ‘Filed’ आणि नोटीस या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

450 रुपयांचं आधी सांगतो. दादा, ऑक्टोबर-डिसेंबरचं 3B कधी गेलं होतं?

काजूवाला, वेंगुर्ले
31 जानेवारीला. बागेत फवारणीची घाई होती, राहून गेलं.

करसल्लागार, कुडाळ
मग हिशेब तिथेच लागतो. महाराष्ट्रातल्या तिमाहीवाल्यांची मुदत 22 जानेवारी. नऊ दिवस उशीर, दिवसाला 50 रुपये: 25 केंद्राचे, 25 राज्याचे. झाले 450. त्या विवरणपत्रात विक्री शून्य असती तर दिवसाला 20 लागले असते. फी मागच्या उशिराची आहे, पण यंत्रणा ती पुढच्या 3B मध्ये मागते, म्हणून वेळेवर भरणाऱ्याला ती भलत्याच ठिकाणी दिसते. ती रोख खात्यातूनच जाते. खरेदीवरच्या कराची जमा पडून असली तरी ती इथे चालत नाही. पुष्कळजण इथेच अडतात, कारण कर जमेतून फिटतो आणि चलन काढायचं लक्षात राहत नाही.

उशिरा रोखीने भरलेल्या करावर 18 टक्के दराने व्याज लागतं, ते वेगळं.

आणि याला ‘दंड’ म्हणू नका. दंड कुणीतरी म्हणणं ऐकून, आदेश काढून बसवतो. ही फी तारीख उलटली की आपोआप चढते. कायद्यातही दोन्ही वेगळी आहेत.

शिक्षिका, रत्नागिरी
म्हणून ‘विलंब शुल्क’. ‘शुल्क’ शब्दात अपराध नाही.

देवगडकर
खिशातून गेले की दंडच. बाजारात विचारून बघा, कोण ‘शुल्क’ म्हणतो?

होमस्टेवाली, मालवण
मला तर याच्या उलट अनुभव आला. मी रिटर्न भरलं, फी त्याच रिटर्नमध्ये लागली, पुढच्या वर्षात नाही. आणि ‘दाखल’ होऊनही मी 30 दिवसांत ओटीपीने पडताळणी केली नाही, तर ते न भरल्यासारखंच धरलं. मग ‘दाखल’ म्हणजे आत गेलं, हे कसं खरं?

करसल्लागार, कुडाळ
ताई, तुमचं आयकराचं आहे, इथे जीएसटीचं चाललंय. आयकरात सादर करणं आणि पडताळणी अशा दोन पायऱ्या आहेत. जीएसटीत ओटीपी किंवा डिजिटल सही ही दाखल करतानाच होते, मगच पोचक्रमांक मिळतो. पण तुमचा मुद्दा खरा आहे. शब्द एकच असला तरी दोन्ही खात्यांत ‘दाखल’ची वेळ वेगळी.

दादा, आता नोटीस. त्यात कोणते आकडे शेजारी ठेवलेत?

काजूवाला, वेंगुर्ले
बिलवार विक्री दाखवतो त्या GSTR-1 मधला कर 3B पेक्षा 19,125 ने जास्त. शोधलं तर मार्च 2023 चं एक बिल सापडलं, कोल्हापूरच्या मिठाईवाल्याचं. बिल 42,500 चं, मी 4,25,000 टाइप केलं होतं. 5 टक्क्यांनी कर 2,125 ऐवजी 21,250 दिसला. त्याचा फोन आला तेव्हा कळलं, त्याच्याकडे जास्त जमा दिसत होती. एप्रिल-जूनच्या GSTR-1 मध्ये मी ते बिल दुरुस्त केलं. मग अजून का मागतात?

करसल्लागार, कुडाळ
चूक एका आर्थिक वर्षात, दुरुस्ती पुढच्या वर्षात. 2022-23 ची बेरीज वेगळी काढली की तुमचा चुकीचा आकडा तसाच उभा. दुरुस्ती 2023-24 च्या घरात गेली, मागच्या वर्षाच्या पानावर ती उमटत नाही.

उत्तर देण्याआधी एक गोष्ट मात्र बघाच. मार्चच्या 3B मध्ये तुम्ही बरोबर, म्हणजे 2,125 च भरले होते. दुरुस्तीमुळे एप्रिल-जूनच्या 3B मध्ये यंत्रणेने आपोआप 19,125 कमी दाखवले असणार. तो कमी आकडा तुम्ही तसाच ठेवला का?

काजूवाला, वेंगुर्ले
आता उघडून बघितलं. तो आकडा वहीप्रमाणे वाढवून भरला होता.

करसल्लागार, कुडाळ
मग कर बुडालेला नाही. तो तसाच ठेवला असता, तर न भरलेल्या कराची वजावट घेतल्यासारखं झालं असतं आणि ती रक्कम व्याजासकट भरावी लागली असती. ASMT-11 मध्ये उत्तर द्या: मूळ बिलाची प्रत, दुरुस्तीचा तक्ता 9A, दोन्ही तिमाहींची 3B. साधारणपणे नोटीस मिळाल्यापासून 30 दिवस असतात, पण तुमच्या नोटिशीत लिहिलेली तारीख पाळा. पटलं तर अधिकारी ASMT-12 देतात आणि विषय मिटतो. नोटिसा Services, User Services, View Additional Notices/Orders इथे असतात, विवरणपत्रांच्या पानावर नाहीत. ‘Filed’ बघून समाधान मानणाऱ्यांची मुदत तिथेच उलटते.

शिक्षिका, रत्नागिरी
म्हणजे ‘mismatch’ला ‘तफावत’ बरोबर बसतो. दोन आकड्यांतलं अंतर, चूक कुणाची ते न ठरवता. ‘विसंगती’ म्हटलं की आधीच बोट दाखवल्यासारखं वाटतं.

करसल्लागार, कुडाळ
माझ्या अर्जांत मी ‘विसंगती’च लिहितो, कार्यालयात तोच रुळलाय. तुमचं म्हणणं पटतंय, पण तिथे बदलेल असं वाटत नाही.

काजूवाला, वेंगुर्ले
बाबांना सांगितलं: कागद आत गेला, उशिराचे साडेचारशे, आणि दोन वह्यांत तफावत, ती दाखवून द्यायची. म्हणाले, “मगे बिलाची झेरॉक्स काढून हाड.” कोल्हापूरवाल्याकडूनही त्याने जास्तीची जमा उचलली नव्हती, असं पत्र मागवू का?

करसल्लागार, कुडाळ
मागवा. सक्ती नाही, पण जोडलंत तर अधिकाऱ्याला त्याचं खातं वेगळं तपासायला लागणार नाही.