मदत हवी आहे: गावच्या ग्रुपमध्ये १०२४ च्या पुढं माणूस जाईना, सप्ताह तोंडावर आलाय

वेशीवरचा_लिंब

राम कृष्ण हरी मंडळी. गाव जिंतूर तालुक्यातलं. गावाचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्याचा ॲडमिन मी. आधी हा ग्रुप २५६ वर अडकला होता, २०२२ मध्ये ५१२ झाले आणि त्याच वर्षी पुढं १०२४. तेव्हा वाटलं आता जन्माची ददात मिटली. पण पुण्याला, चाकणला गेलेली पोरं, लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे आत आले आणि आता १०२४ पण भरले.

सप्ताहाला बारा दिवस राहिलेत. काल्याच्या दिवशी घरोघर पोळ्या लाटून मंदिरात आणायच्या असतात. कोणत्या गल्लीनं कधी पीठ न्यायचं हे सगळं ग्रुपवरच ठरतं. मागच्या साली वरच्या वस्तीवरची तीसेक घरं ग्रुपमध्ये नव्हती, त्यांना निरोपच गेला नाही. पंगत बसली अन् पोळ्या सरल्या. आमटीची कढई भरलेली आणि लोक भातावर उठले. वर्षभर बोलणी खाल्लीत.

आता नेमकी अडचण. परवा तिघं जण ग्रुप सोडून गेले, आकडा १०२१ झाला. मी लगेच तिघांना घ्यायला गेलो. दोघं आत आले, तिसरी आमच्या चुलत्याची सून, ती काही केल्या जाईना. जागा असून कामून जाईना? फोन बंद करून चालू केला, ॲप अपडेट केलं, सगळं झालं. १०२४ च्या पुढं न्यायची काही युक्ती आहे का? पैसे भरून वाढत असेल तर वर्गणीतून भरू.

निवृत्त_गुरुजी

सर्वांच्या मोबाईलची मेमरी भरू नये म्हणून ही मर्यादा ठेवलेली आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट. एक लिस्ट करा, निरोप टाका, प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज जातो. आम्ही शाळेत असताना पालकांना असेच कळवत होतो. ग्रुपची कटकटच नको.

सोयाबीन_५५०

आमचीबी हीच बोंब आहे भाऊ. शेतकरी कंपनीची मीटिंग गूगल मीटवर लावली, १०० माणसं झाली की पुढचा बाहेरच लटकतो. आणि तासाभरानं आपोआप बंद पडते. सभासद ३४० आहेत. काय करावं?

सेलूची_लेक

लिंबदादा, तुमच्या दोन अडचणी आहेत, एक नाही. त्या एकात मिसळल्यामुळं गोंधळ होतोय.

चुलत्याच्या सुनेचं आधी सांगते. तिच्या फोनमध्ये Settings, Privacy, Groups इथं जाऊन बघायला लावा. तिथं Everyone च्या जागी My contacts असणार. म्हणजे ज्याचा नंबर तिनं सेव्ह केलाय तोच तिला ग्रुपमध्ये घेऊ शकतो. नवी सून, सासरच्या गावातल्या भाऊजीचा नंबर तिच्याकडं कशाला असेल? अशा वेळी तुम्हाला आमंत्रण पाठवायचा पर्याय येतो. ते पाठवा, पण तीन दिवसांत तिनं स्वीकारलं नाही तर ते बाद होतं. त्यापेक्षा तिला तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा.

ओळखायचं सोपं आहे. जागा असताना एकच विशिष्ट माणूस जात नसेल, तर दोष त्या माणसाच्या सेटिंगमध्ये. कुणीच जात नसेल, तर आकडा बघा, १०२४ भरलेत. तुमच्याकडं आधी पहिलं झालं आणि आता दुसरं.

१०२४ ची भिंत मात्र पैसे देऊन हलत नाही. वाढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला ओटीपी देऊन बसू नका.

गुरुजी, मेमरीचा संबंध नाही. आपला मेसेज पाठवतानाच कुलूपबंद होतो आणि ते कुलूप फक्त समोरच्यांच्या फोनवर उघडतं. ग्रुपमध्ये पहिल्यांदा लिहिताना माझा फोन एक किल्ली तयार करतो आणि ती प्रत्येक सभासदाला वेगवेगळी पोचवतो. हजार माणसं तर हजार पाकिटं. एकदा किल्ली पोचली की पुढचे मेसेज स्वस्तात जातात, एकच कुलूपबंद मेसेज सर्व्हर सगळ्यांना वाटतो. पण कुणी ग्रुप सोडला की जुन्या किल्ल्या टाकून द्यायच्या, कारण गेलेल्याकडं ती किल्ली असते. मग प्रत्येकानं पुन्हा नवी किल्ली सगळ्यांना वाटायची. १०२४ जणांत रोज पाच गेले, दहा आले, तर हे वाटप सारखं चालूच. ग्रुप जितका मोठा तितकं हे ओझं वाढतं. टेलिग्रामच्या ग्रुपला दोन लाख माणसं चालतात, कारण तिथं ग्रुपचे मेसेज असे टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात.

आणि ब्रॉडकास्ट लिस्ट एका वेळी २५६ जणांचीच. शिवाय ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. वरच्या वस्तीवरच्या किती घरांत दादांचा नंबर सेव्ह असेल? आपण पाठवला असं वाटतं आणि तिकडं पोचलेलाच नसतो. पोळ्या परत सरतील.

निवृत्त_गुरुजी

नंबर सेव्ह लागतो हे खरेच विसरलो होतो. पालकांनी शाळेचा नंबर घेतलेलाच असे, म्हणून आमचे चालले.

बोरीकर_हिंजवडी

दादा चॅनल काढा ना सरळ. फॉलोअरला मर्यादाच नाही. भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहेत. आमच्या सोसायटीनं काढलंय, एकदम शिस्तीत.

वेशीवरचा_लिंब

चॅनलवर आमच्या बायाबापड्या "आमच्याकडं दहा किलो द्या, वीस नको" असं कसं सांगणार? तिथं नुसतं बदाम अन् अंगठा. पीठ वाटताना उलट उत्तर आलं पाहिजे.

ताई, सुनेचं बरोबर निघालं. तिच्या फोनमध्ये My contacts च होतं. नंबर सेव्ह केला की गेली आत. आता १०२४ ला १०२४.

सेलूची_लेक

चॅनलबद्दल दादांचं बरोबर आहे. ती एकतर्फी दवंडी. कीर्तनकार कोण, काकडा किती वाजता, एवढ्यापुरती उत्तम. आणखी एक, चॅनलवरचा मजकूर साधारण ३० दिवस राहतो, म्हणून वर्गणीचा हिशेब तिथं ठेवू नका.

तुमच्यासाठी कम्युनिटी. एका छत्राखाली बरेच ग्रुप आणि वर एक घोषणांचा ग्रुप, ज्यात फक्त कम्युनिटीचे ॲडमिन लिहितात. आताचा ग्रुप मोडायचा नाही, तसाच आत जोडायचा, जुने मेसेज जागेवर राहतात. मग वरची वस्ती, मारोती गल्ली, पुणेकर असे नवे ग्रुप त्याच छत्राखाली. घोषणा सगळ्यांना जाते, पिठाची घासाघीस आपापल्या गल्लीत होते. बायकांच्या दृष्टीनं एक बरं आहे, घोषणांच्या ग्रुपमध्ये ॲडमिन सोडून इतरांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आमच्या गावात दोन लेकींनी ग्रुप याच त्रासापायी सोडला होता. कम्युनिटीलाही वरची मर्यादा असते, पण ती एका ग्रुपपेक्षा मोठी आहे, तुमच्या गावाला पुरेल.

मात्र एक करा. नवे ग्रुप भरताना एका दमात शंभर-शंभर अनोळखी नंबर घालू नका, नंबरच काही काळ बंद होऊ शकतो. लिंक द्या.

बोरीकर_हिंजवडी

कम्युनिटी म्हाताऱ्यांना कळत नाही. माझ्या आजोबांना दोन ग्रुप एकाच नावाचे दिसले, त्यांनी एक सोडून दिला. तो नेमका घोषणांचा होता.

सेलूची_लेक

हे मान्य. त्यावर माझ्याकडं उपाय नाही. गल्लीत एखादं पोरगं नेमणं एवढंच.

गिरणीवाला_मानवत

लिंकचं बोलताय म्हणून सांगतो. आम्ही लिंकचा क्यूआर छापून माझ्या गिरणीच्या दारावर आणि मंदिराच्या खांबावर चिकटवला. आठ दिवसांत औषध-बियाणं विकणारे तिघं आणि कुठला तरी लकी ड्रॉवाला आत. ऐन एकादशीला ग्रुपवर कर्जाची जाहिरात. म्हणून नवीन माणूस ॲडमिननं मंजूर केल्याशिवाय आत येणार नाही, ही सेटिंग आधी चालू करा. आणि काम झालं की Reset link करा, म्हणजे जुना कागद भिंतीवर राहिला तरी चालत नाही.

अजून एक. तुमचे १०२४ खरे १०२४ नसतील. आमच्यात एकेका माणसाचे दोन नंबर निघाले.

सोयाबीन_५५०

माझ्या मीटिंगचं कुणीच बोलंना.

सेलूची_लेक

दादा, तुमचं वेगळं आहे, पण सांगते. मीटच्या फुकटच्या खात्यात १०० जण आणि तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं, ही मर्यादाच आहे. झूम फुकटात १०० आणि ४० मिनिटं. ३४० पैकी बोलणारे किती? संचालक आणि आणखी वीसेक जण मीटवर घ्या, बाकीच्यांना यूट्यूब लाइव्हवर बघू द्या. त्यांनी प्रश्न चॅटमध्ये लिहायचे. मतदान घ्यायचं असेल तर मात्र ही पद्धत चालणार नाही.

लिंबदादा, काल्याचं कीर्तन पुण्याच्या लोकांना दाखवायचं असेल तर तुम्हालाही यूट्यूबच. फक्त आदल्या रात्री चॅनल उघडू नका. लाइव्ह पहिल्यांदा चालू करायला २४ तासांपर्यंत लागतात आणि मोबाइलवरून करायचं तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात. ५० ते १००० च्या मधे असाल तर मोबाइलवरच्या लाइव्हचे प्रेक्षक मर्यादित ठेवले जाऊ शकतात. लॅपटॉप आणि वेबकॅम असला तर सबस्क्रायबरची अट नाही.

वेशीवरचा_लिंब

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा. गिरणीवाल्या भाऊंचं ऐकून मी आणि पुतण्या ओट्यावर बसून यादी काढली. वही घेऊन एकेक नाव. दोन नंबर असलेले ६१ निघाले, त्यांना विचारून एकेक नंबर काढला. गावाशी संबंध नसलेले १७. आता ९४६ आहेत, म्हणजे ७८ जागा झाल्या. वरच्या वस्तीवरची घरं बसतात.

यादीत गेलेली माणसं पण सापडली. दोघांचे नंबर त्यांची लेकरं वापरतात, ते राहू दिले. एक नंबर आमच्या तात्यांचा, जुन्या पाटलांचा. फोन कपाटात बंद पडलाय. पुतण्या म्हणाला काढा. माझ्यानं काढवेना. १२० दिवस वापर नसला की खातं आपोआप जातं असं ऐकलंय, मग तो आपणहून जाईल.

कम्युनिटी केली. आताचा ग्रुप जोडला, वरच्या वस्तीचा आणि पुणेकरांचा नवा काढला. घोषणा टाकली, वस्तीवरून बावीस घरांनी पिठाचं सांगितलं. आठ घरं अजून गप्प आहेत, त्यांच्याकडं उद्या पुतण्या मोटारसायकलवर जाईल.

एकच राहिलं. नव्या ग्रुपचा ॲडमिन कोण यावर दोन भावकींत रुसवा सुरू झालाय. यावर काही सेटिंग आहे का?

गिरणीवाला_मानवत

दोघांनाबी करा ॲडमिन. आणि पीठ दळायला माझ्याकडं नका पाठवू, लाइट नसते दुपारी.