अनुभव धागा: नाक चोंदलेल्या तान्ह्या बाळाला पाजताना

परळची आई
माझा मुलगा सात आठवड्यांचा आहे. परवापासून सर्दी आहे, ताप नाही. भूक लागली की तोंड उघडून शोधतो, अंगावर लागतो, आठ-दहा घोट घेतो आणि एकदम सोडून देतो. लालबुंद होऊन रडतो. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. काल रात्री दोनपासून साडेतीनपर्यंत हेच चाललं होतं. सासूबाई म्हणतात, दूध कमी पडतंय, वरचं सुरू कर. मला वाटतं त्याला श्वासच घेता येत नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा.

गिरगावकर
दूध कमी पडत नाहीये गं. दूध कमी असेल तर बाळ बराच वेळ ओढत राहतं, मग कुरकुरतं. तू सांगतेस ते वेगळं आहे: जोरात ओढतो, अचानक सोडतो, तोंडाने हवा घेतो आणि मगच रडतो. धाकटीच्या वेळी एका दुपारी मी नुसतं कान देऊन ऐकलं. एरवी घोट, श्वास, घोट, श्वास अशी तिची लय असायची. त्या दिवशी घोट, घोट, घोट आणि मग अडकल्यासारखा आवाज. इतकी लहान बाळं जवळजवळ नाकानेच श्वास घेतात आणि पिताना तोंड तर बंदच असतं. नाक चोंदलं की त्यांना दोन्हींतलं एकच जमतं.

मी पाजण्याच्या वेळा मोडल्या. एरवी अडीच-तीन तासांनी प्यायची, ते दीड-दीड तासावर आणलं. पाच-सात मिनिटं प्यायली की पुरे. सोडलं की लगेच परत लावायचं नाही, खांद्यावर उभी धरायची, ढेकर निघू द्यायची, श्वास संथ झाला की पुन्हा. रडत्या तोंडात कोंबलं की हवा जाते, पोट फुगतं आणि प्यालेलं सगळं बाहेर.

निवृत्त परिचारिका, प्रसूती विभाग
गिरगावकर ताईंनी बरोबर सांगितलंय. मी फक्त क्रम सांगते, कारण चूक तिथेच होते.

मेडिकलमध्ये तान्ह्या बाळाचे सलाईनचे थेंब मागा. नुसतं 'नाक मोकळं करायचे थेंब' म्हणाल तर मोठ्यांचे, झायलोमेटाझोलिनचे, हातात पडू शकतात. ते इतक्या लहान बाळाला आपल्या मनाने कधीच घालू नका. बाटलीवर सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के एवढंच असेल तर ते सलाईन. पाजण्याआधी दहा-एक मिनिटं बाळाला मांडीवर उताणं घेऊन प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालायचे आणि थांबायचं. सगळे घाई इथेच करतात. वाळलेला शेंबूड मऊ व्हायला वेळ लागतो. बऱ्याचदा शिंक येऊन आपोआप बाहेर येतो, नाहीतर मऊ कापडाने पुसायचा.

रबरी बल्ब वापरायचा असेल तर तो आधी बाहेर दाबायचा, मग नाकपुडीच्या तोंडाशी टेकवून हळू सोडायचा. नाकात नेऊन दाबलात तर शेंबूड आत जातो.

धरताना बाळाला जरा उभं घ्या, डोकं पोटापेक्षा वर. बाळाची हनुवटी आधी आईच्या छातीला टेकली पाहिजे, म्हणजे नाक मोकळं राहतं. डोक्यामागे हात ठेवून दाबू नका, मान किंचित मागे जाऊ द्या.

दादरच्या आजी
आम्ही तीन पोरं अशीच वाढवली. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावायचं, बाळाला घेऊन तिथे बसायचं, वाफेने नाक सुटतं. रात्री ओव्याची धुरी आणि नाकात खोबरेल तेलाचं बोट. खांद्यावर उभं धरायचं हे मात्र शंभर टक्के खरं.

निवृत्त परिचारिका, प्रसूती विभाग
आजी, उभं धरणं खरंच कामाचं. बाथरूमच्या वाफेने काहींना बरं वाटतं, पण बाळ नळापासून लांब हवं. वाफेचं भांडं जवळ आणायचंच नाही, त्याने भाजलेली बाळं मी पाहिली आहेत. तेल मात्र नको. पातळ तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं आणि तिथून सहज निघत नाही. धुराने नाक आणखी सुजतं. पावसाळ्यात डासांची कॉइल लावतात तीही या दिवसांत बंद ठेवा, जाळी लावा.

चेंबूर
माझी मुलगी दोन वर्षांची आहे. सर्दी झाली की दूध अजिबात पीत नाही, फक्त पेज खाते. तिलाही रात्री दर दीड तासाने उठवू का?

गिरगावकर
नाही हो, ती तोंडाने श्वास घेते, पेज खाते, पाणी पिते. तिला झोपू दे. हे पूर्ण अंगावरच्या बाळांचं चाललंय.

विक्रोळीचा बाबा
आमचा अनुभव थोडा घाबरवणारा आहे, पण सांगायलाच हवा. मुलगी पाच महिन्यांची. तिसऱ्या दिवशीही नाकच चोंदलंय असं समजून आम्ही थेंब घालत राहिलो. रात्री अकराला कपडे बदलताना बायकोला दिसलं की श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय. मी मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजले: ६४. थेंबांनंतर नाक मोकळं होतं, तरी ती पीत नव्हती. सकाळपासून फक्त दोनदा शू झाली होती. तसेच निघालो. छातीतल्या बारीक नळ्या सुजल्या होत्या. दोन दिवस ऑक्सिजन आणि नळीने दूध, मग घरी.

डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असतील तर थांबायचं नाही. बाळ शांत किंवा झोपलेलं असतानाच मोजा, रडताना आकडा वाढतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास मध्येच थांबतो, पळतो.

परळची आई
बाबा, आत्ता झोपेत मोजले, ४४ आले. बरगड्या ओढत नाहीये.

निवृत्त परिचारिका, प्रसूती विभाग
छान. मग लंगोट मोजा. एरवी किती ओले होतात, आणि काल किती? रोजच्या निम्म्यावर आले, किंवा सहा-आठ तास शू नाही, तर दाखवायचं. या वयात ताप १००.४ झाला तर श्वास बरा असला तरी त्याच वेळी. ओठ निळसर दिसले, कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा पाजायला उठवूनही उठत नसेल, तर रात्र बघायची नाही.

मुलुंड पूर्व
दर पाजण्याआधी बल्ब वापरू नका, असं माझं मत. मी दिवसातून आठ वेळा काढलं, तिसऱ्या दिवशी रक्ताचा ठिपका आला आणि नाक आणखी सुजलं. नंतर नुसते थेंब घातले, तेवढ्याने भागलं.

गिरगावकर
माझ्याकडे रात्रीच्या दोन पाजण्यांआधी काढल्याशिवाय ती लागायचीच नाही. दिवसा मात्र नुसते थेंब. बाळाबाळात फरक असतो बहुतेक.

मुलुंड पूर्व
अजून एक. तो कमी पीत होता तेव्हा माझी छाती दगडासारखी झाली आणि त्यामुळे तो आणखीच सुटायला लागला. थोडं दूध हाताने काढून मऊ केली तेव्हा लागला. काढलेलं दूध बोंडल्याने पाजलं. ओठाशी टेकवायचं, त्याने स्वतः घ्यायचं, ओतायचं नाही. एक घोट, मग थांबायचं, मग पुढचा. श्वासाला जागा मिळते.

परळची आई
एरवी आठ लंगोट, काल सहा. ताप नाही. दुपारी चारला थेंब घातले, चार वाजून दहाला मोठी शिंक आणि दोन्हीकडून हिरवट शेंबूड. खुर्चीत बसून जरा उभा धरला. सहा मिनिटं न सुटता प्यायला. साडेपाचला पाच मिनिटं. सातला नाक पुन्हा बंद होतं, तेव्हा सुटला. मग वाटीत थोडं काढून सासूबाईंनी बोंडल्याने दिलं, त्यांनाच ते छान जमतं. वरच्या दुधाचं आता त्या बोलत नाहीयेत. आता अकराच्या पाजण्याआधी बल्ब वापरावा की नको, हे अजून ठरत नाहीये. सकाळी त्याला दाखवून आणते.